तुम्ही विचारलंत म्हणून: पवनचक्कीचा पाया

“एवढी उंच पवनचक्की वाऱ्यात उलथत कशी नाही? पाया किती खोल नेता?”

फक्त तीन मीटर. साक्रीकडून ब्राह्मणवेलच्या पठारावर येणाऱ्या पाहुण्यांचा हे ऐकून विरसच होतो. हा पाया खुंट्यासारखा रुतलेला नसतो, तो रुंद आणि जड असतो.

उदाहरण घ्या. पायाचा व्यास 18 मीटर. काँक्रीट हजार टन, त्यावर ठोकून भरलेला मुरूम सहाशे, मनोरा आणि यंत्र तीनशे. एकूण 1900 टन. वादळात उलथवणारा मोमेंट, म्हणजे वाऱ्याचा जोर गुणिले उंची, 6000 टन-मीटर धरू. त्याला वजनाने भागलं की 3.2 मीटर येतात, म्हणजे भार मध्यापासून तेवढा सरकतो. उलथायला तो 9 मीटरवरच्या कडेपर्यंत जायला हवा. वादळात वाऱ्याकडची कड थोडी उचलली तर चालते. रोजच्या वाऱ्यात मात्र भार त्रिज्येच्या पाव भागापलीकडे, इथे सव्वादोन मीटरपलीकडे, सरकू देत नाहीत. तिथून पुढे कड उचलली जाऊ लागते.

उलथण्याचा हिशोब तसा सोपा. मला जास्त काळजी डुलण्याची असते. पंखा मिनिटाला बारा फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 0.2, तीन पाती असल्याने मनोऱ्यासमोरून पातं जातं सेकंदाला 0.6 वेळा. मनोऱ्याची स्वतःची डुलण्याची गती या दोन्हींच्या मध्ये, 0.3च्या आसपास ठेवतात. पायाखालची जमीन मऊ निघाली की ती गती उतरून 0.2कडे सरकते. मग फेऱ्यागणिक झोका वाढतो आणि बोल्ट, वेल्डिंग थकतात.

म्हणून यंत्र बनवणारे कलण्याविरुद्धचा पायाचा किमान ताठपणा लिहूनच देतात. समजा त्यांनी 50 गिगान्यूटन-मीटर प्रति रेडियन मागितला. आपल्या 18 मीटरच्या पायाखाली घट्ट मुरूम असेल, शिअर मॉड्युलस, म्हणजे आडवं सरकवणाऱ्या जोराला मातीचा ताठपणा, 30 मेगापास्कल, तर पायाला सुमारे 90 मिळतो. काम झालं. मऊ मातीत मॉड्युलस 10 असला तर मिळतो फक्त 30. ताठपणा त्रिज्येच्या घनाच्या पटीत वाढतो, त्यामुळे व्यास 21 मीटरच्या थोडा वर नेला की भागतं. पण काँक्रीट, सळई, खोदाई सगळंच वाढतं. काळ्या मातीत मी ती उपसून खाली मुरमापर्यंत जाण्याच्याच बाजूचा. शिवाय ती माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. चाचणीत मोजलेला मॉड्युलस जसाच्या तसा धरू नये हेही सांगतो. तो अगदी बारीक कंपनांचा असतो, खऱ्या भाराखाली माती त्याहून मऊ वागते.

आणि पाणी! खड्ड्यात पाणी साठून पाया पूर्ण बुडाला तर तीन मीटर जाडीचं ते वर्तुळ सुमारे 760 टन पाणी बाजूला सारतं, आणि 1900चे 1140 उरतात. आता भागाकार 5.3 मीटर येतो आणि निम्मीच तळजागा जमिनीला टेकलेली राहते. म्हणून पाणी काढून देणारा चर डिझाइनचाच भाग. पावसाळ्यानंतर कडेने राखाडी चिखल उसळलेला दिसला, तर पायाखाली फट पडून पाणी आत-बाहेर होतंय असं समजायचं आणि मनोऱ्याची कंपनं मोजून घ्यायची.