जाग येत होती म्हणून वाचले

मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे वापरताना स्नायू लवकर थकण्याचा आजार, असल्याचं निदान झालं त्याला सव्वा वर्ष झालं. सुरुवात नेहमीसारखीच होती. संध्याकाळी डावी पापणी खाली यायची, फळ्यावरच्या ओळी दोन दोन दिसायच्या, शेवटच्या तासाला आवाज नाकातून येऊ लागायचा. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्यांनी बराच फरक पडला. मग पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं आणि साताऱ्याला परतल्यावर आठव्या-नवव्या दिवसापासून माझी झोप उडाली.

झोप उडाली म्हणजे काय, हे तेव्हा मी नीट सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. झोप लागत होती. पण तासा-दीड तासाने मी दचकून उठून बसायचे. छाती धडधडायची, घाम आलेला असायचा, आणि परत आडवं व्हायला नको वाटायचं. दोन उशा होत्या त्याच्या तीन झाल्या. मी घरात एवढंच म्हणायचे, "झोप येत नाही, घाबरल्यासारखं होतं." स्टेरॉइडने झोप जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणाला वेगळी शंका आली नाही. आमच्या जवळच्या डॉक्टरांनी घबराट कमी करून झोप आणणारी अल्प्राझोलाम दिली, रात्री अर्धा मिलिग्रॅम. त्यांना माझा आजार माहीत होता, पण तो त्यांच्या डोक्यात पापण्यांचा आणि हातापायांचा होता. माझ्याही डोक्यात तेवढाच होता.

पहिल्या रात्री मी सलग सहा तास झोपले. घरात सगळ्यांना बरं वाटलं. सकाळी डोकं जड होतं, ते दहा वाजेपर्यंत उतरलं. दुसऱ्या सकाळी कपाळ ठणकत होतं. तिसऱ्या सकाळी यांनी तीन-चारदा हाक मारली तेव्हा कुठे डोळे उघडले, आणि चहाचा कप हातात असतानाच पुन्हा झापड आली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९५. "ऑक्सिजन चांगला आहे, गोळीची गुंगी असेल," असं आम्ही ठरवलं. तरी धाकट्या बहिणीने पुण्याला फोन लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "त्यांना फोन द्या. एक खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्या एका श्वासात मोठ्याने आकडे मोजू द्या."

मी तेरावर थांबले. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो, आणि वीसच्या आत थांबणारा धोक्यात असू शकतो, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी मग बहिणीला माझी मान बघायला सांगितली: उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलता येतं का? येत नव्हतं. श्वास घेताना पोट वर येतं की आत जातं? आत जात होतं. "गोळी बंद. बसवून ठेवा आणि गाडीतून नको, अॅम्ब्युलन्सने लगेच आणा," एवढंच ते बोलले.

पोट आत जाणं म्हणजे काय, ते त्यांनी दोन दिवसांनी मला कागदावर काढून दाखवलं. छाती आणि पोटाच्या मधे श्वासपटल असतं. ते आखडलं की खाली सरकतं, पोट पुढे येतं आणि हवा आत येते. पटल थकलं असेल तर मानेचे आणि फासळ्यांचे स्नायू छाती ओढतात, पटल उलटं वर खेचलं जातं आणि पोट आत जातं. आडवं झाल्यावर पोटाचा भारही पटलावर येतो, म्हणून मला तिसरी उशी लागत होती.

इस्पितळात श्वासाची तपासणी झाली तेव्हा ओठ नळीभोवती मिटेनात, हवा बाजूने निघून जायची. शेवटी परिचारिकेने बोटांनी माझे ओठ दाबून धरले. एका फुंकेत बसून १.३ लिटर हवा निघाली, आडवं झाल्यावर ०.९. माझं वजन ५८ किलो. किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेलं की श्वासाला यंत्राचा आधार द्यायची तयारी ठेवतात. बसून मी त्याच्या थोडी वर होते, झोपून बरीच खाली. मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं, त्यात कार्बन डायऑक्साइड ५८ निघाला. तो ३५ ते ४५ असायला हवा. सकाळची डोकेदुखी आणि झापड त्याची होती, आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरला तो दिसतच नाही. मला नुसता ऑक्सिजन लावला असता तर आकडा ९९ झाला असता आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहिला असता.

मग गोळीने नेमकं काय केलं? मला वाटत होतं ती स्नायू ढिले करते, म्हणून असेल. डॉक्टर म्हणाले, तो भाग लहान आहे. माझ्या आजारात बिघाड नस आणि स्नायूच्या सांध्यावर असतो. अल्प्राझोलाम तिथे फारसं काही करत नाही, ती मेंदूवर काम करते. स्वप्नं पडतात त्या झोपेत फासळ्यांचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात आणि श्वासाचं ओझं एकट्या पटलावर येतं. माझं पटल तेवढं पेलत नव्हतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू ओळखायचा आणि मला उठवून बसवायचा. गोळीने ती जाग मंद केली, श्वास घेण्याची प्रेरणा कमी केली, आणि आधीच अशक्त असलेला घसाही सैल केला. मी ज्याला निद्रानाश म्हणत होते तो माझा बचाव होता. आणि ती "घाबरल्यासारखी" भावना म्हणजे कमी पडणारा श्वास होता. हे ऐकताना मला रडू आलं, कारण ती तीन रात्रींची झोप मी देवाचे आभार मानून घेतली होती.

रात्री बायपॅप या हवा दाबाने आत ढकलणाऱ्या यंत्राचा मास्क, पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचं औषध. श्वासनलिकेत नळी घालावी लागली नाही. स्टेरॉइडने पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशक्तपणा वाढू शकतो, तोच माझा पाया होता. गोळी त्यावर आली.

या आजारात अल्प्राझोलामसारखी औषधं कधीच चालत नाहीत असं मात्र नाही. श्वास भक्कम असताना, तपासून, थोड्या मात्रेत ती दिली जातात. आणि जो महिनोन् महिने रोज घेत आहे त्याने हे वाचून एका दिवसात बंद करू नये. अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्यावी. माझ्या तीनच गोळ्या झाल्या होत्या म्हणून लगेच थांबवता आल्या.

गेल्या महिन्यात पोटाची एंडोस्कोपी करायची होती. तिथे सरसकट मिडाझोलामचं इंजेक्शन देतात, तेही अल्प्राझोलामच्याच जातीचं. मी आधीच भूलतज्ज्ञांना भेटले आणि फक्त घशात बधिर करणारा फवारा मारून तपासणी करायचं ठरलं. पायरिडोस्टिग्मिन तासभर आधी, घोटभर पाण्याबरोबर घेतली, म्हणजे गिळण्याचा जोर त्या वेळी चांगला असेल. आत जाण्यापूर्वी त्यांनी मला मोजायला लावलं. सदतीस झाले. नंतर तासभर त्यांनी मला पाणीही दिलं नाही, कारण बधिर घशातून ते श्वासनलिकेत उतरलं असतं आणि खोकून बाहेर काढायचा जोर माझ्यात इतरांएवढा नाही. तो तास मी खुर्चीत टेकून बसून काढला, आडवी झाले नाही.