बाटलीच्या मागची बारीक अक्षरं

नागपुरात परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेतून उठलेले पोट्टे आधी टपरीवर जातात, मग किराणा दुकानाच्या फ्रिजकडे. चहा जास्त होऊ नये म्हणून घरचे टोकतात, पण एनर्जी ड्रिंकच्या रंगीत बाटलीला सहसा कुणी हटकत नाही. कॅफीनचा हिशेब मात्र नेमका तिथेच बिघडतो.

त्या बाटलीवर कॅफीनचा आकडा असतो, पण बहुतेकदा शंभर मिलीचा. ‘२९ मिग्रॅ’ वाचून पोरगं निर्धास्त होतं. बाटली अडीचशे मिलीची, म्हणजे पोटात गेलं ७२. भारतातल्या नियमांनुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिग्रॅ कॅफीन असतं आणि ‘मुलांसाठी नाही’ ही सूचना लेबलवर छापावीच लागते. ती इतकी बारीक असते की वाचायला आजोबांचा चष्मा लागावा!

चहाच्या दीडशे मिलीच्या कपात ३० ते ६५ मिग्रॅ कॅफीन असतं. दूध-साखरेने ते घटत नाही, चहापत्ती वाढवली की वाढतं. अडीचशे मिली कोलात साधारण २५. डार्क चॉकलेटच्या पन्नास ग्रॅममध्येही तेवढंच, दुधाच्या चॉकलेटमध्ये दहाच्या आसपास. चॉकलेटची काळजी करायचीच तर साखरेची करा.

किशोरवयीन मुलांसाठी युरोपची अन्नसुरक्षा संस्था दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिग्रॅ ही मर्यादा धरते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बारा ते अठरा वयाला सरसकट शंभर मिग्रॅ सांगतात, आणि एनर्जी ड्रिंक नकोच म्हणतात. आम्हाला शंभरचाच आकडा पटतो, लक्षात ठेवायला सोपा म्हणूनही.

आता पंचेचाळीस किलो वजनाची दहावीतली मुलगी घ्या. सकाळी तर्री-पोह्यांबरोबर एक कप चहा, क्लासहून आल्यावर दुसरा. कपाला ४० धरले तरी ८० झाले. रात्री नऊला ती बाटली, की बेरीज १५२. वजनाप्रमाणे तिची मर्यादा १३५ येते, म्हणजे दोन्ही मापांनी ती पुढे गेली.

त्यात वेळ नऊची. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना आणखी जास्त. रात्री दोनला त्या बाटलीतलंच ३६ मिग्रॅ अंगात असतं, जवळजवळ एक कप चहा. झोप लागत नाही, लागलीच तर उथळ लागते. सकाळी डोकं जड म्हणून चहा वाढतो आणि संध्याकाळी पुन्हा बाटली. छातीत धडधड, हात थरथरणं, मळमळ ही अति झाल्याची खूण. धडधड थांबेना किंवा चक्कर आली, तर सरळ डॉक्टरांकडे.

या मुलीचे दोन्ही चहा राहू द्यावेत, दुसरा चारच्या आत. काढायची ती बाटली. रोजची सवय असेल तर एकदम तोडल्यावर दोन-चार दिवस डोकं दुखतं. म्हणून पहिला आठवडा अर्धीच बाटली, तीही दुपारी.