दोन फेऱ्या आणि पाच मिनिटं

जानेवारीत नाशिकला पहाटे सायकल काढायची म्हणजे आधी हातमोजे शोधा, मग कानटोपी शोधा, आणि दोन्ही सापडेपर्यंत उठल्याचा पश्चात्ताप करा. त्या रविवारी माझ्या पश्चात्तापाला सोबत होती. ताई सुट्टीला माहेरी आलेली आणि तिच्याबरोबर दहावीतला भाचा ओम. त्याने आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं, ‘मामा, उद्या मी पण.’

माझी नेहमीची वाट ठरलेली आहे. गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून फिरून पुन्हा आमच्याच फाटकाशी, बरोबर सहा किलोमीटर. अशा दोन फेऱ्या. पहिली फेरी ओमबरोबर, म्हणजे त्याच्या कलाने झाली. त्याच्यासाठी शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सायकलची चेन दोनदा उतरली, वर एका कुत्र्याने आमच्यात नको तितका रस घेतला. अर्धा तास गेला. ओम फाटकापाशी पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘तू जाऊन ये, मी मोजतो.’ रस्ता रिकामा होता आणि भाचा बघत होता, त्यामुळे दुसरी फेरी मी पंधरा मिनिटांत मारली. आल्यावर पाच मिनिटं बोलता येत नव्हतं ते सोडा.

मला धाप लागलेली असताना ओमचं गणित चाललेलं. पहिली फेरी ताशी १२, दुसरी ताशी २४, बेरीज ३६, भागिले दोन, १८. ‘मामा, ॲव्हरेज अठराचं!’ मी अभिमानाने फोन काढला. फोनवर १६.० होतं.

‘तुझं ॲप गंडलंय,’ ओमने निकाल दिला. मला मात्र वाटलं की मधे सायकली उभ्या होत्या तेव्हा घड्याळ थांबलं नसेल. ती शंका रास्त असते. बऱ्याच ॲपमध्ये सायकल थांबली की घड्याळ थांबवायची सोय असते, आणि ती चालू आहे की बंद यावर सरासरी बदलते. पण इथे त्याचा संबंध नव्हता. अर्धा तास आणि पंधरा मिनिटं, एकूण पाऊण तास. पाऊण तासात बारा किलोमीटर. तासाला किती, तर सोळा. ॲप बरोबर होतं.

ओमला उत्तर पटलं, पण बेरीज चुकली कुठे ते पटेना. १२ आणि २४ यांच्या मधोमध १८ च येतात, हे काही मी नाकारू शकत नव्हतो. मग आम्ही उलटीकडून गेलो. खरंच १८ चा वेग असता तर बारा किलोमीटरला चाळीस मिनिटं लागली असती. आम्हाला लागली पंचेचाळीस. ही पाच मिनिटं ओमच्या भागाकारात कुठेतरी सांडली होती.

ती कुठे सांडली ते पायरीवर बसूनच सापडलं. ओमने दोन्ही फेऱ्यांना सारखा मान दिला, कारण दोन्ही सहा-सहा किलोमीटरच्या. पण वेग म्हणजे तासाला किती, आणि तासाच्या हिशेबात त्या फेऱ्या सारख्या नव्हत्या. ताशी १२ ने मी तीस मिनिटं चाललो होतो, ताशी २४ ने फक्त पंधरा. हळू फेरी दुप्पट वेळ चालली, म्हणून तिचं वजनही दुप्पट. पाऊण तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे करा. दोन तुकड्यांत वेग १२, एकात २४. १२ अधिक १२ अधिक २४, भागिले तीन, आले १६. हळू चालणारा माणूस रस्त्यावर जास्त वेळ असतो, म्हणून सरासरीला तो आपल्याकडे ओढतो. दोन फेऱ्या सारख्या अंतराच्या आणि वेगळ्या वेगाच्या असल्या, की साधी सरासरी नेहमी जास्तच दाखवते. कमी कधीच दाखवत नाही.

सकाळी मैदानावर पळणाऱ्या मंडळींना हा घोळ फारसा होत नाही. ते तासाला किती किलोमीटर असं बोलतच नाहीत, किलोमीटरला किती मिनिटं असं बोलतात. त्याला ते पेस म्हणतात. आमच्या फेऱ्या त्या भाषेत सांगायच्या तर पहिलीला किलोमीटरमागे पाच मिनिटं, दुसरीला अडीच. आता मात्र खुशाल बेरीज करून दोनाने भागा, पावणेचार येतात. किलोमीटरला पावणेचार मिनिटं म्हणजे साठ भागिले पावणेचार, ताशी १६. इथे साधी सरासरी चालते, कारण पेस किलोमीटरवर मोजला जातो आणि किलोमीटर दोन्ही फेऱ्यांत सारखे आहेत.

पुस्तकात ज्याला हरात्मक मध्य म्हणतात तो एवढाच आहे: वेग उलटा करायचा, उलट्यांची सरासरी काढायची आणि उत्तर पुन्हा सुलटं करायचं. दोन आकड्यांसाठी त्याचं सूत्र म्हणजे गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज.

२ × १२ × २४ ÷ (१२ + २४) = ५७६ ÷ ३६ = १६

कॉलेजात हे सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. उलटं-सुलटं करण्याची गोष्ट कुणी सायकलवरून सांगितली असती तर कदाचित राहिलं असतं.

नाश्त्याला बसलो तरी ओमची कुरकुर चालूच होती. ताईने ताज्या द्राक्षांचं भांडं पुढे ठेवलं आणि तिच्या नेहमीच्या तक्रारीला सुरुवात केली. परवा एकशेवीसची घेतली तेव्हा दोन किलो आली, काल एकशेवीसची घेतली तर किलोभरच. ओम हसला. मी म्हटलं, हसू नकोस, किलोला सरासरी भाव काय पडला ते सांग. ६० आणि १२०, म्हणून तो ९० म्हणणार तेवढ्यात ताई म्हणाली, ‘नव्वद कसले? दोनशेचाळीस दिले, तीन किलो आली, ऐंशी पडला.’ तिने सूत्राचं नावही ऐकलेलं नाही. पण पैसे तिचे गेले होते.

दोन्ही वेळा रुपये सारखे होते म्हणून तिथे हरात्मक मध्य लागला. दोन्ही वेळा एकेक किलो घेतली असती तर ६० आणि १२० रुपये मोजून भाव खरोखर ९० पडला असता. सायकलचंही तसंच. अर्धा तास १२ ने आणि पुढचा अर्धा तास २४ ने चाललो असतो, तर सहा अधिक बारा, तासात अठरा किलोमीटर झाले असते आणि ओमचा भागाकार बरोबर ठरला असता. म्हणून सूत्र लावण्याआधी विचारायचं ते एवढंच: सारखं काय आहे, अंतर की वेळ? आणि दोन्हींतलं काहीच सारखं नसेल, म्हणजे एक फेरी सहाची आणि एक चारची असेल, तर दोनाचं सूत्रही कामाचं नाही. तिथे सगळं अंतर एका बाजूला, सगळा वेळ दुसऱ्या बाजूला, आणि सरळ भागाकार.

द्राक्षं संपता संपता ओमला नवी कल्पना सुचली. ‘मग अठरा करायला तू दुसरी फेरी कितीने मारायला हवी होतीस?’ चाळीस मिनिटांतली तीस पहिल्या फेरीत गेलेली. उरली दहा. दहा मिनिटांत सहा किलोमीटर म्हणजे ताशी ३६. आमच्या गल्लीत प्रत्येक वळणावर कुणीतरी हौसेने गतिरोधक बांधून ठेवलाय. तिथे ३६ चा वेग मी फक्त एकदाच गाठू शकेन.

‘आणि चोवीसचं ॲव्हरेज?’ त्याने हट्टाने विचारलं. मी म्हटलं, तूच कर. त्याने केलं आणि गप्प झाला. बारा किलोमीटर २४ ने म्हणजे अर्धा तास, आणि अर्धा तास पहिल्या फेरीतच संपलेला. दुसऱ्या फेरीसाठी एक सेकंदही शिल्लक नाही. विमानाने गेलो तरी जमणार नाही. पहिली फेरी ज्या वेगाने झाली त्याच्या दुपटीपर्यंत सरासरी कधीच पोचत नाही.

यात ओमने लाजावं असं काही नव्हतं. मॅक्स वर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये हेच कोडं पत्रातून आइनस्टाइनला घातलं होतं. एक जुनी मोटार टेकडीवर एक मैल ताशी १५ मैलांनी चढते. उतरतानाचा एक मैल तिने किती वेगाने काटावा, म्हणजे सगळ्या प्रवासाची सरासरी ताशी ३० पडेल? पटकन ४५ तोंडात येतं. उतरायला वेळच उरलेला नाही हे आपल्याला आकडेमोड करेपर्यंत लक्षात आलं नाही, असं आइनस्टाइनने उलट कळवलं.

ताईचा मुक्काम आठवडाभर होता, त्यामुळे पुढच्या रविवारी ओम तयारीनिशी उतरला. चेनला तेल घातलेलं, खिशात चिठ्ठी. पहिली फेरी आम्ही दोघांनी १६ ने केली, साडेबावीस मिनिटांत. १८ ची सरासरी हवी तर उरली साडेसतरा मिनिटं, म्हणजे ताशी २०.६ च्या आसपास. साध्या सरासरीने २० पुरले असते, त्याने चिठ्ठीवर त्यावर काट मारून २०.६ लिहिलं होतं. या वेळी दुसऱ्या फेरीतही तो माझ्याबरोबर होता आणि शेवटच्या चढावर माझ्या पुढे होता. एका दूधवाल्याने मोटारसायकल रस्त्यात आडवी लावली नसती तर झालंही असतं. साडेअठरा मिनिटं लागली. एकूण ४१, सरासरी १७.६.

तसेच मिसळ खायला गेलो. रस्सा यायला वेळ होता, म्हणून ओमने गंमत म्हणून जुन्या पद्धतीने हिशेब केला. दुसरी फेरी १९.५ ची, पहिली १६ ची, बेरीज भागिले दोन. १७.७५ आले. ‘हॅ, हे तर जवळजवळ तेच की!’ त्याला जरा फसवल्यासारखं वाटलं. मी त्याच्याच चिठ्ठीच्या मागे मांडून दाखवलं. दोन सरासऱ्यांमधलं अंतर म्हणजे वेगांमधल्या फरकाचा वर्ग, भागिले त्यांच्या बेरजेची दुप्पट. १२ आणि २४ मध्ये फरक १२ चा, वर्ग १४४, भागिले ७२, पुरे दोन. आज फरक साडेतीनचा, वर्ग बारा-सव्वाबारा, भागिले ७१, दोन दशांशसुद्धा नाही. वेग जवळजवळ असले की चूक इतकी बारीक होते की घड्याळातही दिसत नाही, आणि मग माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या रीतीने बरोबर उत्तरं काढत राहतो.

‘म्हणजे मागच्या रविवारी चेन उतरली नसती तर आपल्याला कळलंच नसतं?’ ओमने विचारलं. तेवढ्यात रस्सा आला आणि त्याने चिठ्ठी ताटलीखाली सरकवली.