फोटो आला, मजकूर नाही

सोमवार, रात्र

सकाळी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर नळाच्या एका सुट्या भागाचा फोटो आला. खाली ना ‘काका’, ना ‘हे मिळेल का’. ओल्या तळहातावर पिवळट काहीतरी धूसर, आणि मागच्या टाइल्सच्या रेघा मात्र एकदम स्पष्ट. वस्तू अगदी भिंगाजवळ धरली की मोबाईलला तिच्यावर फोकस धरता येत नाही, तो मागचं धरतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

तरी त्या फोटोत बरंच होतं. हात ओला, म्हणजे नळ आत्ताच खोललाय आणि घरातला मेन कॉक बंद आहे. माणूस घाईत आहे. वस्तूच्या बुडाला काळं रबर आणि बाजूला खिडकीसारखं भोक, म्हणजे सिरॅमिक डिस्कचं स्पिंडल, मुठीखाली बसून पाणी सोडणारा-अडवणारा नळाचा आतला भाग. जुन्या पद्धतीच्या स्पिंडलला खिडकी नसते, खाली वायसर असतो आणि नळ बंद करायला दोन-तीन फेरे फिरवावा लागतो.

दुकानातल्या पोराने लगेच डबा उघडून एक स्पिंडल काढलं. “हेच आहे, देऊ का पाठवून?” थांब म्हटलं. दिसायला सारखी स्पिंडलं आमच्याकडे डबाभर आहेत. त्यातलं नळाला कुठलं बसेल हे आटे, मूठ बसते ते वरचे दाते आणि उंची, या तीन गोष्टींवर ठरतं. धूसर फोटोत तिन्ही दिसत नाहीत.

फोन लावला. पलीकडे सोसायटीतला एक मुलगा, बाथरूमचा नळ रात्रभर टपकत होता म्हणाला. त्याला सांगितलं, स्पिंडल पुसून कागदावर आडवं ठेव, शेजारी दहाचं नाणं ठेव, मोबाईल दीड वीत वर धर आणि झूम नंतर कर. दुसरा फोटो वरून, दात्यांचा. भिंगही शर्टाला पुसून घे.

नाणं दहाचंच सांगतो, कारण एक, दोन आणि पाचची नाणी मालिकेगणिक लहान-मोठी निघाली. दहाचं 27 मिलिमीटरचं. आपण ज्याला अर्धा इंची आटे म्हणतो ते बाहेरून मोजले तर जवळपास 21 मिलिमीटर भरतात, आणि पाऊण इंची साडेसव्वीसच्या आसपास. अर्धा इंच हा पाइपच्या पोटाचा हिशेब आहे, त्यामुळे पट्टी लावणारा गिऱ्हाईक हमखास गोंधळतो. नाण्याने ते सोपं होतं: आट्यांची रुंदी नाण्याएवढी दिसली तर पाऊण, नाण्याच्या पाऊणपटीहून थोडी जास्त दिसली तर अर्धा. फक्त फोटो जवळून काढू नये. स्पिंडल जाड असल्याने त्याचा वरचा भाग नाण्यापेक्षा भिंगाच्या जवळ येतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

दुसरे फोटो नीट आले. आटे अर्धा इंची. दात्यांवर मात्र बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलेला, मोजता येईनात. त्याला म्हटलं, व्हिनेगरमध्ये जुना टूथब्रश बुडवून घास, एका दात्यावर पेनाने खूण कर आणि तिथून मोज. खूण केली नाही तर गोल मोजताना एखादा दाता हटकून चुकतो. वीस आले. चोवीस दात्यांचं दिलं असतं तर जुनी मूठ त्यावर बसलीच नसती, आणि बळजबरीने ठोकली तर मुठीच्या आतले दाते झिजून ती नुसतीच फिरत राहते.

वीस दात्यांची, अर्धा इंची दोन स्पिंडलं माझ्याकडे निघाली. उंचीत तीनेक मिलिमीटरचा फरक. हे फोटोवर ठरवायचं नाही, म्हणून जुनं घेऊन ये म्हटलं. तो आला, काचेवर तिन्ही शेजारी उभी केली तेव्हा कळलं. आट्यांच्या कॉलरपासून बुडाच्या रबरापर्यंतचं माप सगळ्यात महत्त्वाचं. ते आखूड पडलं तर रबर नळातल्या बैठकीवर दाबत नाही आणि नळ बंद करूनही टपकतो. जास्त झालं तर कॉलर पूर्ण बसत नाही आणि पाणी मुठीखालून येतं. कॉलरच्या वरची उंची चुकली तर पाणी गळत नाही, पण मूठ एकतर घासते नाहीतर अधांतरी राहते.

त्याच्या जुन्या स्पिंडलच्या डिस्कवर नखाला लागेल अशी चीर होती. टाकीतली रेती दोन चकत्यांमध्ये अडकली की हेच होतं, आणि मग मूठ कितीही आवळली तरी उपयोग नाही. डिस्क गुळगुळीत असती आणि बुडाचं रबर तेवढं कडक झालं असतं, तर नुसतं रबर देऊन पाठवला असता.

दिलं ते लांब माप. बसवण्याआधी नळाच्या तोंडाला कापड धरून मेन कॉक क्षणभर सोड आणि आतली रेती बाहेर येऊ दे, असं सांगितलं. स्पिंडल उघड्या स्थितीत ठेवून हाताने फिरवत बसवायचं, पान्हा शेवटच्या पाव फेऱ्यापुरता. टेफ्लॉन टेप नको, इथे पाणी रबर अडवतं, आटे नाही.

दुपारी त्याचा मेसेज आला, या वेळी शब्दांत: “काका, मूठ उलट्या बाजूला उघडते.” गरम-गारच्या जोडीत एकाची दिशा दुसऱ्याच्या उलट असते, आणि ते मी विचारलं नव्हतं. बदलून घेऊन जा म्हटलं, पाण्यात बसवलेलं असलं तरी.