नाडी तर लागत होती

उसाचा हंगाम होता आणि मी ऑर्थोपेडिक्सचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. संध्याकाळी सातच्या सुमारास ट्रॉली आणि चाकाच्या मध्ये पाय सापडलेला एक बाविशीतला तोडणी कामगार आला. नडगीचं हाड मोडलं होतं, पण कातडी शाबूत होती. नऊपर्यंत प्लास्टरचा स्लॅब घातला, पाय उशीवर उंच ठेवला आणि मी जेवायला गेलो.

अकराला सिस्टरांचा फोन आला. "सर, दोन इंजेक्शनं झाली, तरी ओरडतोय."

उशाशी बसलेली आई म्हणाली, "सायेब, ह्यो रडणारा न्हाई. तोडताना कोयता लागला तरी बोलत न्हाई." तो म्हणत होता, पाय आतून फुटतोय. मी पावलाला हात लावला. पाऊल कोमट होतं आणि नाडी नीट लागत होती. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो आणि तिसरं इंजेक्शन लिहिलं.

नशीब, आमचे सर त्या रात्री राउंडला आले. त्यांनी नाडी पाहिलीच नाही. पायाचा अंगठा धरून हळूच खाली वाकवला, तर पोरानं असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड जागा झाला. मग अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापूस फिरवला. त्याला तो कळतच नव्हता. स्लॅब कातडीपर्यंत, आतल्या कापसासकट, कापला. नडगीच्या बाहेरची बाजू लाकडासारखी घट्ट लागत होती.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्नायू ज्या आवरणात असतात ते ताणत नाही. आत सूज आली की आधी बारीक रक्तवाहिन्या दबतात. मोठ्या धमनीतला दाब त्याहून कितीतरी जास्त असतो, म्हणून नाडी शेवटपर्यंत लागते. ती जायची वाट बघशील तर पाय जाईल." उशीही त्यांनीच काढली. पाय हृदयाच्या पातळीवर हवा, उंच ठेवला की आत येणारं रक्त आणखी कमी होतं.

दाब मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. असतं तर रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून आतला दाब वजा केला असता. फरक ३०च्या आत आला की चीर द्यायची. पण इथं पायच सगळं सांगत होता. स्लॅब सोडूनही दुखणं तसूभर कमी झालं नाही. साडेबाराला टेबलावर घेतला.

पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन स्नायूंचे चारही कप्पे मोकळे केले. आवरण कापताच स्नायू उसळून बाहेर आले. पुढचे जांभळट पडले होते. सरांनी चिमट्यानं दाबून पाहिलं, थोडे थरथरले. आम्ही थांबलो, आणि काही मिनिटांत ते लालसर झाले. हाड बाहेरून फिक्सेटरनं धरलं. जखमा उघड्याच ठेवल्या. दोन दिवसांनी पुन्हा पाहिल्या आणि नंतर मांडीची कातडी लावली.

तो चालत गेला. फॉलोअपला आला तेव्हा म्हणाला, त्या बेचक्यात अजून कळत नाही, चपलेचा अंगठा आहे का निघालाय ते खाली बघावं लागतं.