रूममेटला 'माझं क्रीम वापरू नको' हे कसं सांगितलं

रूममेटनं माझं फेसवॉश घेतलं तर मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. खोली एक, आरसा एक आणि सकाळची घाईही एकच, त्यामुळे कुणाची बाटली कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो. अडचण सुरू झाली ती त्वचेच्या डॉक्टरांनी मला पिंपल्ससाठी अडॅपलीनचं जेल लिहून दिल्यावर. ती ट्यूब मी आरशाखालच्या फळीवर ठेवायचे. एके दिवशी शेजारच्या खोलीतली मैत्रीण आली. गालांची सालं निघत होती, नाकाच्या कडा लालभडक झाल्या होत्या. म्हणाली, "ते तुझं जेल मला सूट नाही झालं गं." माझ्या रूममेटनं तिला ते मोठ्या मनानं दिलं होतं, आणि तिनं ते मॉइश्चरायझरसारखं सकाळ-संध्याकाळ चेहराभर चोळलं होतं.

मला हे जेल देताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं पुरे, फक्त रात्री, चेहरा कोरडा झाल्यावर, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, दिवसा सनस्क्रीन लागतंच, आणि खरा फरक दिसायला साधारण १२ आठवडे जातात. गरोदरपणात ते वापरू नये, हेही त्यांनी सांगितलं होतं. ट्यूब हातातून हातात जाते तेव्हा यातलं काहीच तिच्याबरोबर जात नाही. मैत्रिणीला मी जेल लगेच बंद करायला सांगितलं. सौम्य फेसवॉश, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच ठेव, आणि जळजळ वाढली किंवा लवकर उतरली नाही तर डॉक्टरांकडे जा, असं बजावलं. तिची त्वचा हळूहळू निवळली.

रूममेटशी मी याआधी तोंडी बोलले होते. ती "हो गं, सॉरी" म्हणायची आणि आठवड्याभरात पुन्हा डबीत बोटांचे खड्डे दिसायचे. ते बोलणं नेहमी घाईत, कुणीतरी दारात उभं असताना व्हायचं. म्हणून या वेळी लिहायचं ठरवलं. पण त्याआधी फळीवरच्या सगळ्या वस्तू पलंगावर मांडून बसले. नक्की काय नको आहे हे मलाच स्पष्ट नसेल, तर तिला कसं कळणार?

डॉक्टरांनी दिलेलं जेल कुणालाच द्यायचं नाही, हे उघड होतं. दुसरा गट ओठांना आणि डोळ्यांना लागणाऱ्या वस्तूंचा. लिप बाममधून हर्पीसचा विषाणू पसरू शकतो, आणि ओठावर फोड दिसत नसतानाही तो माणसाच्या अंगात असू शकतो. काजळातून डोळे येण्याचा संसर्ग जाऊ शकतो. तिसरा गट रुंद तोंडाच्या डब्यांचा. क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतं, पण त्याची ताकद मर्यादित असते. प्रत्येक ओलं बोट डबीत थोडं पाणी आणि थोडे जंतू सोडून जातं, आणि बोटं जितकी जास्त तितकं प्रिझर्व्हेटिव्हचं काम अवघड होतं. वास बदलला, रंग फिरला किंवा वर पाणी सुटलं तर ती डबी टाकून द्यावी. मात्र क्रीम वरून चांगलं दिसत असलं तरी आत जंतू नाहीत असं म्हणता येत नाही, म्हणून नुसत्या वासावर भरवसा ठेवता येत नाही.

उरलं ते पंपाचं बॉडी लोशन आणि फेसवॉश. पंपातून बाहेर आलेलं परत आत जात नाही, तिथे धोका अगदी कमी. हे दोन्ही तिला द्यायला माझी काही हरकत नव्हती, आणि तसं लिहायचंही ठरवलं.

चिठ्ठीत पैशांचा उल्लेख मुद्दाम टाळला. तो केला असता तर ती म्हणाली असती, "अर्धे मी देते," आणि वापर चालूच राहिला असता. "तू नेहमी" आणि "अस्वच्छ" हे शब्दही ठेवले नाहीत. मैत्रिणीच्या चेहऱ्याचा दोष तिच्या माथी मारला नाही, कारण तिनं ते प्रेमानंच दिलं होतं. सगळ्यात जास्त विचार एका वाक्याचा केला. "विचारून घेत जा" लिहिणं सोपं होतं, पण मग मला रोज नाही म्हणावं लागलं असतं आणि तिला रोज नकार ऐकावा लागला असता. त्यापेक्षा एकदाच स्पष्ट सांगणं दोघींना बरं. शेवटी चिठ्ठी अशी झाली:

"अगं, तोंडानं सांगताना नेहमी घाई होते, म्हणून लिहितेय. माझं जेल, लिप बाम, काजळ आणि क्रीमच्या डब्या यापुढे फक्त मीच वापरणार आहे. तू घेऊ नकोस आणि कुणाला देऊही नकोस, माझी परवानगी विचारूनही नको. जेल डॉक्टरांनी माझ्या त्वचेसाठी दिलंय, दुसऱ्या कुणाला त्यानं त्रास होऊ शकतो. बाकीच्या वस्तूंमधून एकीचा संसर्ग दुसरीला होतो, तुझा मला तसा माझाही तुला. पंपाचं लोशन आणि फेसवॉश खुशाल वापर, तुझंच समज. तुला तुझ्यासाठी काही घ्यायचं असेल तर मी बरोबर येते, आपण नीट बघून घेऊ. काही खटकलं तर सरळ मला सांग."

आरशावर चिकटवली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी वाचली असती. होस्टेलच्या ग्रुपवर तर प्रश्नच नव्हता. घडी करून तिच्या वहीत ठेवली, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे परीक्षेचं किंवा सकाळच्या लेक्चरचं ओझं डोक्यावर नसेल.

रात्री ती चिठ्ठी हातात घेऊनच माझ्या पलंगावर येऊन बसली. लिप बामचं वाचून तिला वाईट वाटलं होतं. "मला काही रोग आहे असं वाटतं का तुला?" मी सांगितलं की मला होऊन गेला असेल तरी मलाच कळणार नाही, आणि माझा तुला लागला तर मला जास्त त्रास होईल. मग ती थोडी सैलावली. तिची खरी अडचण नंतर बाहेर आली. शेजारच्या मुली मागायला आल्या की तिला नाही म्हणता येत नव्हतं. "ते तिचं औषध आहे, डॉक्टरांनी दिलंय" एवढंच सांग, असं आम्ही ठरवलं. औषध म्हटलं की पुढे कुणी हट्ट धरत नाही.

जेलची ट्यूब मी त्याच रात्री कपाटात हलवली आणि तिला तसं सांगूनच हलवली, नाहीतर चिठ्ठीनंतरचं कुलूप तिला टोचलं असतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाऊन तिच्यासाठी पंपाचं मॉइश्चरायझर आणि एक लिप बाम घेतला. काजळ मात्र एकदा घाईत तिनं पुन्हा उचललं. मी ते तिलाच ठेवायला दिलं आणि माझ्यासाठी नवीन आणलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.