डावा कोपरा, उजवा कोपरा आणि माझी फजिती

मी आमच्या शाळेत गणित शिकवतो. कबड्डीशी संबंध म्हणाल तर लहानपणी गल्लीत खेळलो तेवढाच. गेल्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलींचा संघ लागोपाठ हरत होता, तेव्हा क्रीडाशिक्षक म्हणाले, "सर, तुम्ही आकडेवाले, बघा की काय होतंय नेमकं." मी नववीतल्या दोन मुली हाताशी घेतल्या, एक जाड पुठ्ठा आणि पेन्सिली घेतल्या आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसलो.

माझा पहिला कागद बघितला तर आता हसू येतं. प्रत्येक खेळाडूच्या नावाचा उभा रकाना आणि त्यात चढाई, बोनस, पकड, चुकलेली पकड अशा आडव्या ओळी. चार रेघा आणि पाचवी तिरकी, असं मोजायचं. चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. योग्य रकाना शोधेपर्यंत पुढची चढाई सुरू झालेली असायची. दहाव्या मिनिटाला आमची लिहिणारी रडकुंडीला आली. शिवाय सामना संपल्यावर हातात नुसते गठ्ठे राहिले. कोणत्या वेळी मैदानात किती जणी होत्या, पकड कोणी सुरू केली, हे त्या रेघांतून कळायला मार्गच नव्हता.

मग कागद आडवा धरला आणि एका चढाईला एक ओळ ठेवली, तीही फक्त समोरच्या संघाच्या चढायांची. आमच्या चढाया सोडून दिल्या, कारण दोन्ही टिपायला माणसं नव्हती. ओळीत पाचच गोष्टी: मैदानात आमच्या किती जणी, चढाईवाली कुठे घुसली, पकडीला पहिला हात कोणी घातला, ती एकटी होती की जोडीला कोणी होतं, आणि निकाल काय. निकालात रिकामी चढाई असेल तर नुसती आडवी रेघ. एका मुलीने नजर न हलवता बोलायचं, "सहा, डावा, एकटी, सुटली", आणि दुसरीने मान वर न करता लिहायचं. रेघांची मोजणी घरी बसून. दोघींनी एकमेकींची कामं कधी बदलायची नाहीत, हा नियम त्यांनीच केला.

पहिल्या सामन्यानंतर मी समोरच्यांचे गुण जुळवले. आमच्या कागदावरचे चढाईचे गुण घेतले, आमच्या चढाईपटूंच्या पकडी गुणफलकाच्या वहीवरून घेतल्या. बेरीज आली २७, फलकावर होते ३१. घरी चहा गार झाला तरी चार गुण सापडेनात. शेवटी बायकोने विचारलं, "लोण धरले का?" दोन लोण, प्रत्येकी दोन गुण. तेव्हापासून लोणाला ओळीखाली जाड रेघ मारतो आणि बेरीज जुळल्याशिवाय कागदावरून एकही निष्कर्ष काढत नाही.

बेरीज जुळली तरी कागद खोटा असू शकतो, हे मात्र दुसऱ्या सामन्यानंतर कळलं. सगळे म्हणत होते की डावा कोपरा कमजोर आहे. मी कागद दाखवून सांगितलं, दुसऱ्या डावात तुझ्या बाजूने पाच गुण गेले. डाव्या कोपऱ्यातली मुलगी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओ सर, दुसऱ्या डावात माझ्याकडं कोण आलंच नाही की." ती खोटं बोलणारी नव्हे. मी बोलणाऱ्या मुलीला विचारलं, डावा म्हणजे कुठला? "मी बसले होते तिथून डावा, सर." मध्यंतराला संघ बाजू बदलतात आणि आम्ही जागचे हललो नव्हतो. म्हणजे दुसऱ्या डावातले सगळे डावे उजवे होते. पाच गुण भलतीच्याच नावावर घातले होते, तेही सगळ्या संघासमोर. मी तिची माफी मागितली. तेव्हापासून डावा-उजवा शब्दच बंद. कोपऱ्यातल्या खेळाडूच्या जर्सीचा नंबर बोलायचा.

अशा दुरुस्त कागदावर तीन सामने टिपले, आणि मग डाव्या कोपऱ्याचं गाऱ्हाणं पुन्हा तपासलं. तिने पहिला हात घातलेले प्रयत्न २०, त्यातले १० यशस्वी. उजवा कोपरा ९ प्रयत्न, ३ यशस्वी. गुण तिच्याकडून जास्त गेले हे खरं, पण समोरच्या बहुतेक चढाईपटू उजव्या हाताच्या, त्या यायच्याच तिच्याकडे. जिच्याकडे जास्त येतात तिच्या चुका जास्त दिसतात. प्रयत्नांनी भागल्याशिवाय नुसत्या रेघा बघणं म्हणजे मोठ्या वर्गात जास्त मुलं नापास झाली म्हणून तो वर्ग ढ ठरवण्यासारखं.

खरी गोष्ट भलत्याच रकान्यात होती. आमच्या सहा-सात जणी मैदानात असताना २२ प्रयत्नांत १३ पकडी. चार-पाच जणी असताना १४ प्रयत्नांत फक्त ४. फसलेल्या दहांपैकी सातांत पहिला हात घालणारी एकटी होती, बाकीच्या दुसऱ्या टोकाला. तीन किंवा कमी जणी असतानाचे प्रयत्न दहाच होते, त्यातले पाच यशस्वी. तेवढ्यावर मी काही बोललो नाही. खरं तर १४ हा आकडाही छोटाच आहे, दोन-तीन पकडी इकडच्या तिकडे झाल्या तर चित्र बदलतं. पण क्रीडाशिक्षकांना तो दाखवल्यावर त्यांनी लगेच कारण सांगितलं, म्हणून धीर आला.

ते म्हणाले, पाच किंवा कमी जणी असताना बोनस मिळतच नाही. म्हणजे चढाईवाली नुसती फिरून परत गेली तर आपलं काही जात नाही. उलट दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत तिला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर ती बाद. घाई तिला हवी, आपल्याला नाही. आणि आपल्या मुली नेमक्या तेव्हाच घाबरून झेप घेत होत्या.

मुलींना सगळा तक्ता दाखवला नाही. एवढंच सांगितलं: चार-पाच जणी असलो की पहिल्या दोन चढायांना एकटीने घोटा धरायचा नाही, तिसरीला दोघींनी मिळून जायचं. कॅप्टन चढाया मोजणार आणि "तिसरी" असं ओरडणार. पुढचे चार दिवस सरावात फक्त पाच जणींचा बचाव घेतला.

पुढच्या सामन्यात त्या परिस्थितीत आमचे तीनच प्रयत्न झाले, दोन जमले. सामना तरी गेलाच, कारण आमच्या चढाया चालल्या नाहीत, आणि त्याचा कागद आमच्याकडे नव्हता. पण शेवटच्या काही ओळींत एक नवंच दिसलं. आम्ही धरत नाही हे ओळखून समोरची एक जण पहिल्याच चढाईला बेफिकीर आत येत होती, पाय लांब टाकत, पाठ अर्धी वळवून. मी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला दिला. तिने नंबर वाचला, ओळी बोटाने मोजल्या.

"ही परत आली तर धरू का, सर? पहिलीलाच?"

मी क्रीडाशिक्षकांकडे बघितलं. ते म्हणाले, "मधल्या पोरीला विचार. ती तुझ्या जवळ राहणार असेल तर धर."